चाळीस हजार आणि दोन फोन

ऑक्टोबर २०२४. दिवाळीच्या सेलचे दिवस. रात्री साडेअकराला मामेबहिणीचा फोन.

"दादा, झोपलास का? पटकन सांग, एस२३ की ए५५?"

बाईसाहेब पुण्यात आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला. शनिवार-रविवार शाळकरी पोरांना गणित शिकवून चाळीस हजार साठवलेले. जुना फोन दुपारीच मान टाकायचा. आता एकीकडे मार्च २०२४ मध्ये आलेला गॅलेक्सी ए५५, लाँचची किंमत ३९,९९९. दुसरीकडे फेब्रुवारी २०२३ चा गॅलेक्सी एस२३. लाँचला ७४,९९९ चा हा साहेब सेलमध्ये चाळिशीच्या घरात उतरलेला. मोह होणारच ना! निम्म्या भावात मर्सिडीज मिळाली तर कोण सोडेल?

पण मी पडलो हिशेबी माणूस. म्हटलं, फोनचं वय तू विकत घेतेस त्या दिवसापासून मोजू नकोस, तो बाजारात आला तेव्हापासून मोज. दोन्हींना कंपनीने पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट देण्याचं कबूल केलंय. म्हणजे एस२३ चं घड्याळ फेब्रुवारी २०२८ पर्यंत, ए५५ चं मार्च २०२९ पर्यंत. तू घेणार ऑक्टोबर २०२४ मध्ये. एकाचे उरले चाळीस महिने, दुसऱ्याचे त्रेपन्न. दोन्ही चाळीस हजारांना धरले तर एकाचा खर्च महिन्याला हजार रुपये आणि दुसऱ्याचा साधारण साडेसातशे. त्यानंतर फोन काही बंद पडत नाही, पण त्यावरून बँकेचे व्यवहार करताना जीव खालीवर होतो आणि विकायला गेलं तर भाव मिळत नाही.

दुसरा मुद्दा बॅटरीचा. एस२३ ची ३९०० एमएएच, ए५५ ची ५०००. आता, फ्लॅगशिपची चिप काटकसरी असते, त्यामुळे नवा असताना हा फरक आकड्याइतका जाणवत नाही. गंमत पुढे आहे. दोनेक वर्षांत दोन्ही बॅटऱ्या वीस टक्क्यांनी थकल्या असं समज. एकीकडे ३१०० च्या आसपास उरतील, दुसरीकडे ४०००. सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला घरी येणाऱ्या पोरीला हे कळायला हवं.

"बरं," ती म्हणाली. म्हणजे पटलं नव्हतं.

रविवारी आम्ही लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात. तिने दोन्ही डेमो पीस उचलले आणि दारातून समोरच्या दुकानाच्या पाटीचे तीनपट झूमवर फोटो काढले. उन्हातले दोन्ही ठीकठाक. पण आतल्या कोपऱ्यात, कमी उजेडात, शेल्फवरच्या डब्यांची बारीक अक्षरं टिपली तेव्हा एस२३ ची वाचता आली, ए५५ ची फिसकटली. कारण साधं आहे. एस२३ ला झूमसाठी वेगळी लेन्स आहे. ए५५ ला ती नाही, तो मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करतो.

"दादा, मला विश्रामबागवाड्याच्या लाकडी कोरीवकामाचे फोटो रस्त्यावरून काढायचेत. २०२९ मध्ये नाही, पुढच्या आठवड्यात."

माझी बोलती बंद. तिची डिग्रीही २०२८ च्या उन्हाळ्यात संपते, अपडेट संपल्यावर जेमतेम काही महिन्यांत. तोवर नोकरी लागेल, हा तिचा हिशेब. पोरगी माझ्यापेक्षा पुढे निघाली.

एक अडचण मी तरीही काढली. एस२३ मध्ये १२८ जीबी, आणि मेमरी कार्डची जागा नाही. ए५५ मध्ये आहे. "दर महिन्याला फोटो लॅपटॉपवर टाकीन," बाईसाहेब म्हणाल्या. टाकेल, टाकेल.

मग मात्र मी एका गोष्टीवर अडून बसलो. बॉक्सवर छापलेला उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू म्हातारी होते. पहिला बॉक्स निघाला एप्रिल २०२३ चा, म्हणजे दीड वर्ष गोदामात. सील शाबूत, पण आतली बॅटरी दीड वर्षाची. दुकानदार म्हणाले, "साहेब, वॉरंटी तर आजपासूनच आहे की!" खरंय, पण नुसती जुनी झाल्यामुळे बॅटरी कमी चालली तर वॉरंटीत सहसा काही हाती लागत नाही. थोडी कुरकुर केल्यावर मागून जानेवारी २०२४ चा डबा आला. तोच घेतला.

बिल झालं. बाईसाहेबांनी तिथेच बॉक्स उघडला. फोन, केबल, सिम काढायची पिन... बस्स. चार्जर नाही! (ए५५ च्या बॉक्समध्येही नव्हता, तेव्हा त्यात तोटा नाही.) आणि तिच्या पाकिटात उरले होते तीनशे वीस रुपये.

माझ्या बॅगेतला २५ वॉटचा चार्जर त्या दिवशी गेला तो गेलाच.