गोणी मोजू नका, नत्र मोजा



कपाशीला युरिया किती टाकला, असे शिरपूरपासून रावेरपर्यंत कोणालाही विचारा. उत्तर गोण्यांत येते: "एकरी दोन टाकल्या." गोणी हे वजन नव्हे, ते पोते आहे. त्यात काय आणि किती भरायचे, हे ठरते दिल्लीत.

पूर्वी युरियाची गोणी 50 किलोची होती. युरियात नत्र शेकडा 46, म्हणजे गोणीमागे 23 किलो नत्र मिळे. 2018 साली गोणी 45 किलोची झाली आणि नत्र 20.7 किलोवर आले. भाव त्या मानाने उतरवला, हे कबूल. पण हेतू पाहा. शेतकरी किलो मोजत नाही, गोण्या मोजतो; गोणी लहान केली की युरियाचा वापर आपोआप दहा टक्के घटेल! तुम्हाला हिशेब येत नाही, हे गृहीत धरून आखलेले हे धोरण. पुढे 2024 च्या जानेवारीत 'युरिया गोल्ड' या गंधकलेपित युरियाचा भाव ठरला: गोणी 40 किलोची, किंमत 266 रुपये 50 पैसे, म्हणजे साध्या युरियाच्या 45 किलोच्या गोणीइतकीच. यात नत्र शेकडा 37, म्हणजे गोणीत 14.8 किलो. सोबत 6.8 किलो गंधक येते, ते फुकट जात नाही. जमिनीत गंधक कमी असेल तर उपयोगीच आहे. पण "नेहमीच्या तीन गोण्या" म्हणून हा युरिया उचलणाऱ्याचे पीक जुन्या गोणीच्या मानाने 25 किलो नत्राला मुकते.

मी कृषी पदवीधर. आम्ही शिकलो किलो आणि हेक्टर, गावात चालतात एकर आणि गोणी. मधला पूल बांधायचे कोणाच्याच मनात आले नाही. ते काम दुकानदाराच्या तोंडी हिशेबावर सोडून दिले. तो हिशेब आज आपण करू.

सातबारा काढा. समजा क्षेत्र 0.80 हेक्टर आहे, म्हणजे साधारण दोन एकर. कपाशीची शिफारस हेक्टरी 100:50:50 धरू. तुमचा खरा आकडा वाण, पाणी आणि माती तपासणी पाहून ठरेल. प्रत्येक आकड्याला 0.80 ने गुणले की नत्र 80, स्फुरद 40, पालाश 40 किलो येते. हे अन्नद्रव्य झाले, खत नव्हे.

सुरुवात स्फुरदापासून करा. डीएपीत स्फुरद शेकडा 46. 40 ला 0.46 ने भागा: 87 किलो डीएपी, म्हणजे 50 किलोच्या पावणेदोन गोण्या. याच डीएपीत शेकडा 18 नत्रही असते, ते झाले सुमारे 16 किलो. ते 80 मधून वजा करा, उरले 64. 64 ला 0.46 ने भागले की 139 किलो युरिया, म्हणजे 45 किलोच्या तीन गोण्या आणि वर चार किलो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश शेकडा 60. 40 ला 0.60 ने भागा, 67 किलो, सव्वा गोणीच्या थोडे वर. आपल्या काळ्या जमिनीत पालाश पुष्कळदा भरपूर असते. तपासणीत तसे निघाले तर ही खरेदी कमी करता येते.

डीएपीतले नत्र वजा करायचे विसरलात, तर युरिया 174 किलो होतो, म्हणजे जवळपास एक गोणी फुकट. सर्वांत महाग चूक मात्र निराळी. चोपडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने हेक्टरचा आकडा एकराचा समजून टाकला. दोन एकराला सात-आठ गोण्या युरिया गेला. कपाशी गर्द हिरवी, कमरेच्या वर वाढली. शेजारी कौतुक करत होते. मग तुडतुडे आले, फवारण्या वाढल्या आणि बोंडे थोडीच लागली. हेक्टरी आकडा एकरावर आणायचा तर अडीचने भागायचा, एवढे त्याला कोणी सांगितले नव्हते. खताच्या पावतीवर गोण्यांचा आकडा होता, क्षेत्राचा नव्हता.

आणि 139 किलो एकदम टाकायचे नाहीत. डीएपी आणि पोटॅश पेरणीला, युरिया हप्त्याने. अर्धी गोणी लागली तर अंदाजाने ओतू नका, काट्यावर तोला. एका हप्त्याला 46 किलो निघतात म्हणून दुकानदाराने पूर्ण दोन गोण्या माथी मारायचे कारण नाही. एक किलोने कपाशी मरत नाही.

आपली मागणी साधी आहे. टक्के बारीक छापून भागणार नाही. प्रत्येक गोणीवर हातभर अक्षरात लिहा: या गोणीत नत्र इतके किलो. आणि पावतीवर पीक व क्षेत्र लिहिल्याशिवाय खत विकू नका. तोवर पुढच्या बैठकीला येताना सातबारा आणि माती तपासणीचा कागद आणा. पाटीवर एकेकाचा हिशेब मांडू.