यंत्राने लिहिलेले शब्द कानाने तपासा

शाळेसाठी तयार केलेल्या चित्रफितींच्या तळाशी बोलण्याचे शब्द आपोआप उमटताना तुम्ही पाहिले असतील. ज्याला ऐकू येत नाही अशा विद्यार्थ्यासाठी ते शब्द म्हणजेच सारा पाठ असतो. म्हणून माझे मत असे की, माणसाने तपासल्याशिवाय असे शब्द वर्गात दाखवू नयेत. ते का, हे समजण्यासाठी यंत्र काय करते ते आधी पाहू.

मायक्रोफोनमधून आलेला ध्वनी यंत्र बहुधा सेकंदाला 16,000 वेळा मोजते. मग त्याचे सुमारे 25 मिलिसेकंदांचे तुकडे पाडते, म्हणजे एका तुकड्यात 400 मोजमापे येतात. प्रत्येक तुकड्यात कोणत्या वारंवारतेचा ध्वनी किती जोराचा आहे, हे काढले जाते. या आकृतीवरून कोणती अक्षरे असण्याचा संभव किती, हे यंत्र ठरवते. ध्वनी संदिग्ध असेल, तर आधीच्या शब्दांनंतर सामान्यतः कोणता शब्द येतो, याचा आधार ते घेते. थोडक्यात, यंत्र निम्मे ऐकते आणि निम्मे अंदाजाने लिहिते.

हा अंदाज शिकवणीवर अवलंबून असतो. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या व्हिस्पर या प्रणालीला 6,80,000 तासांचे ध्वनिमुद्रण वापरून शिकवले होते. त्यातले इंग्रजीखेरीज इतर 96 भाषांमधले, त्याच भाषेत लिहून घेतलेले बोलणे सुमारे 1,17,000 तासांचेच होते. शिवाय ही प्रणाली 30 सेकंदांच्या तुकड्यावर काम करते आणि त्याची एकच भाषा धरते. आपण मात्र एकाच वाक्यात दोन भाषा बोलतो. इतकेच नव्हे, तर ‘वायरचा’ या एका शब्दात मूळ इंग्रजी आणि प्रत्यय मराठी असतो!

आता एक उदाहरण घेऊ. विद्युतदाब तोच ठेवला आहे, आणि शिक्षक म्हणतात: ‘या वायरचा रेझिस्टन्स डबल केला, तर करंट हाफ होतो, शून्य होत नाही.’ हे बारा शब्द झाले. समजा, यंत्राने शेवटी लिहिले: ‘करंट साफ होतो, शून्य होतो.’ असे का होईल? ‘ह’ आणि ‘स’ हे दोन्ही घर्षणाचे ध्वनी आहेत, गोंगाटात ते पुसट होतात, आणि मराठीत ‘साफ होतो’ हे ‘हाफ होतो’पेक्षा पुष्कळ अधिक आढळते. वाक्याच्या शेवटी आवाज उतरतो, त्यात ‘नाही’ बुडाले. दोन शब्द बदलले, एक गळला. म्हणजे बारांत तीन चुका, 25 टक्के.

दुसऱ्या यंत्राने समजा ‘वायर चा’ असे तोडून, ‘रेजिस्टन्स’ असे, आणि ‘करंट’ रोमन लिपीत लिहिले. रूढ मोजणीत तोडलेल्या शब्दाच्या दोन चुका धरतात. म्हणजे बारांत चार, 33 टक्के. परंतु अर्थ शाबूत आहे! उलट पहिल्या यंत्राने कमी चुका करून ओहमचा नियमच मोडला. तेव्हा ‘इतके टक्के अचूक’ या दाव्यावर विसंबू नका. चूक कोणत्या शब्दात आहे ते पाहा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. माणूस लिहिताना चुकला तर शब्द अशुद्ध होतो. यंत्राची चूक बहुधा शुद्ध शब्दाच्या रूपात असते. ‘साफ होतो’ वाचून कोणालाही खटकणार नाही. म्हणून नुसते वाचून तपासणी होत नाही, ध्वनी ऐकतच ती करावी लागते.

रीत सोपी आहे. चित्रफितीची भाषा मराठी निवडा, मग मजकुराची .srt फाइल उतरवून साध्या लेखन-प्रणालीत उघडा. आत असे दिसेल:

```
12
00:01:04,200 --> 00:01:07,500
तर करंट हाफ होतो,
शून्य होत नाही.
```

पहिला आकडा क्रमांक, दुसरी ओळ आरंभ आणि अंत यांची वेळ, स्वल्पविरामानंतर मिलिसेकंद. शब्द बदला, वेळेच्या ओळीला हात लावू नका. पहिल्या फेरीत फक्त आकडे, एकके, ‘नाही’सारखे नकार आणि शास्त्रीय संज्ञा तपासा. दुसऱ्या फेरीत बाकीचे शब्द. एका संज्ञेचे लेखन पाठभर एकच ठेवा. शिक्षक ‘रेझिस्टन्स’ म्हणाले असतील, तर तेच लिहा. ‘रोध’ करू नका, कारण ओठ पाहणाऱ्याला दोन्ही जुळायला हवेत. फाइल साठवताना UTF-8 निवडा, नाहीतर देवनागरीऐवजी चौकोन किंवा भलतीच चिन्हे दिसतील.

या कामाला दोघे बसवावेत: एकाने ऐकून दुरुस्त करावे, दुसऱ्याने आवाज बंद करून पाठ केवळ वाचून पाहावा. दुसऱ्याला गणित सोडवता आले, की तपासणी पुरी झाली असे समजावे.