विश्लेषण : कामगाराला न विचारता शिफ्ट बदलता येते का?

शुक्रवारी संध्याकाळी सूचना फलकावर कागद लागतो. सोमवारपासून जनरल शिफ्ट बंद, तीन पाळ्या सुरू, दर आठवड्याला पाळी बदलेल. खाली व्यवस्थापकाची सही. मुलांची शाळा, घरातल्या आजारी माणसाची औषधे, संध्याकाळी चालवलेली छोटी शिकवणी किंवा रिक्षा, हे सगळे दोन दिवसांत नव्याने बसवायचे. औद्योगिक वसाहतींत हा प्रसंग नवा नाही. त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला असतो : ‘आमची संमती न घेता असे करता येते का?’

कायद्याचे उत्तर दोन भागांत आहे. संमती बहुतेक वेळा लागत नाही. पण पूर्वसूचना लागते, आणि ती शुक्रवारी लावून सोमवारी अंमल करण्याइतकी लहान नसते.

कायदा नेमके काय सांगतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. त्याआधी हा विषय औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-अ मध्ये होता. आता तो संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. मूळ नियम बदललेला नाही. संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत सेवाशर्तींची यादी आहे. त्यातल्या कोणत्याही बाबीत मालकाला बदल करायचा असेल, तर ज्यांच्यावर परिणाम होणार त्या कामगारांना आधी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस दिल्यापासून २१ दिवसांच्या आत बदल अमलात आणता येत नाही.

या यादीत पाळ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पाळीपद्धत सुरू करणे, तिच्यात फेरफार करणे किंवा ती बंद करणे, ही तिन्ही कामे त्यात येतात. कामाचे तास आणि विश्रांतीची मध्यंतरे ही वेगळी बाब आहे. हा वेगळेपणा महत्त्वाचा आहे, कारण ‘तास तेच आहेत, आठाचे नऊ केलेले नाहीत, मग नोटीस कशाला?’ असा युक्तिवाद व्यवस्थापन हमखास करते. तास तेवढेच राहिले तरी पाळीपद्धत बदलली, तर दुसरी बाब लागू होतेच.

मात्र एका कामगाराची पाळी बदलणे आणि कारखान्याची पाळीपद्धत बदलणे यांत फरक आहे. जिथे पहिली, दुसरी आणि रात्रपाळी आधीपासून चालते आणि सगळे आळीपाळीने फिरतात, तिथे एखाद्याला या आठवड्यात पहिलीऐवजी दुसरीला बोलावले, तर सेवाशर्त बदलली असे म्हणणे अवघड आहे. फिरती पाळी हीच त्याची सेवाशर्त होती. जिथे दहा वर्षे फक्त जनरल शिफ्ट होती, तिथे रात्रपाळी आणणे ही वेगळी गोष्ट.

नोटीस दिलीच नाही तर?

याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी विरुद्ध कामगार या खटल्यात दिले. कोळसा खाणींतल्या कामगारांची साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी दुसऱ्या वारी नेण्यात आली होती. सुट्टी कमी झाली नव्हती, फक्त वार बदलला होता. तरीही नोटीस आवश्यक होती आणि तिच्याशिवाय केलेला बदल टिकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. नोटिशीचा हेतू कामगारांना बदलाचा विचार करायला आणि आपले म्हणणे मांडायला वेळ मिळावा हा आहे, असेही त्या निकालात म्हटले आहे. हा निकाल जुन्या कलम ९-अ वरचा असला तरी नव्या कलमातही नोटीस आणि २१ दिवस तेच असल्याने आजच्या वादात तो उपयोगी पडतो.

मोठ्या कारखान्यात संरक्षण कमी कसे?

इथे बहुतेकांची गफलत होते. अनुसूचीतल्या त्या ओळीला एक शेपूट आहे : पाळीतला बदल ‘स्थायी आदेशांनुसार नसेल तर’ नोटीस लागते. म्हणजे बदल स्थायी आदेशांनुसारच असेल, तर २१ दिवसांची अट उरत नाही.

स्थायी आदेश म्हणजे कारखान्यातल्या नोकरीचे लेखी नियम : हजेरी, रजा, पाळ्या, शिस्त. नव्या संहितेनुसार ते ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहेत. १९४६ च्या कायद्याखालच्या केंद्राच्या आदर्श स्थायी आदेशांत पाळ्यांचे कलम असे होते : एकापेक्षा जास्त पाळ्या चालवायच्या की नाही हे मालकाने ठरवायचे, आणि पाळ्या असतील तर कामगाराची एका पाळीतून दुसरीत बदली होऊ शकते. हाच मजकूर थोड्या फरकाने अनेक कंपन्यांच्या आदेशांत उतरला आहे. असे कलम असेल तर जनरल शिफ्टवरून फिरत्या पाळीवर जाताना मालक थेट त्याकडे बोट दाखवतो, आणि त्याची बाजू बळकट असते.

त्याच कलमाचा दुसरा भाग मात्र कामगारांना फारसा ठाऊक नसतो. चालू असलेली पाळी बंद करायची असेल, तर दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. बाधित कामगारांशी करार झाला असेल तरच ती टळते. सुरू करायला मोकळीक आणि बंद करायला दोन महिने, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे वाद उभा राहिला की पहिले काम म्हणजे आपल्या कंपनीचे प्रमाणित स्थायी आदेश मिळवून पाळ्यांचे कलम शब्दशः वाचणे. आदर्श मजकुरावर विसंबून राहू नये, कारण प्रमाणित होताना त्यात बदल झालेले असू शकतात.

जिथे स्थायी आदेश लागूच नाहीत, त्या छोट्या कारखान्यात मालकाला ही वाट उपलब्ध नाही. तिथे २१ दिवसांची नोटीस सरळ लागू होते. कागदावर तरी लहान कारखान्यातला कामगार इथे अधिक सुरक्षित आहे. प्रत्यक्षात तिथे युनियन नसते आणि हे कलम कोणी वाचलेले नसते.

नव्या संहितेने आणखी एक अपवाद घातला आहे. तातडीच्या परिस्थितीत पाळी बदलणे आवश्यक असेल, तर तक्रार निवारण समितीशी सल्लामसलत करून नोटिशीविना बदल करता येतो. तातडीची परिस्थिती म्हणजे काय, याची व्याख्या संहितेत नाही. पुरात यंत्रे बुडाली, वीज फक्त रात्री मिळते आहे, हे समजण्यासारखे आहे. मोठी ऑर्डर आली म्हणून तातडी, हे पटण्यासारखे नाही. पुढचे बरेच वाद याच शब्दावर होतील असे दिसते. निदान समितीशी बोलणे झाले होते का आणि त्याची नोंद आहे का, हे तपासणे सोपे आहे.

चाळीस कामगारांच्या कारखान्यात

समजा, भोसरीत सुटे भाग बनवणारा ४० कामगारांचा कारखाना आहे. स्थायी आदेश नाहीत, आजवर सकाळी ९ ते संध्याकाळी साडेपाच एवढीच वेळ होती. मालकाने शुक्रवार, ५ तारखेला कागद लावला आणि ८ तारखेपासून तीन फिरत्या पाळ्या जाहीर केल्या. ही पाळीपद्धतीची सुरुवात आहे, म्हणून कलम ४० लागू. त्या कागदालाच नोटीस मानले तरी २१ दिवस त्याच महिन्याच्या २६ तारखेला भरतात. ८ तारखेचा अंमल नियमबाह्य.

यानंतर कामगारांनी सोमवारी कामावर न जाणे हा मार्ग धोक्याचा आहे. गैरहजेरी लागते, पगार कापला जातो, आणि मूळ वाद बाजूला राहून शिस्तभंगाचा वाद सुरू होतो. नव्या पाळीत हजर राहून, ‘हा बदल आम्हाला मान्य नाही, कलम ४० प्रमाणे नोटीस दिलेली नाही’ असे सगळ्यांच्या सह्यांचे पत्र देऊन पोच घेणे, हे जास्त शहाणपणाचे. ही पोच पुढे फार कामाला येते. ती नसेल तर ‘सहा महिने मुकाट्याने काम केले, म्हणजे मान्यच होते’ असे ऐकावे लागते.

वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावीच लागते आणि तिच्यात मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात. एकट्या कामगारालाही तिच्याकडे वर्षभरात अर्ज करता येतो आणि समितीने ३० दिवसांत काम पूर्ण करायचे असते. तिथे निकाल पटला नाही, तर ६० दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते. सगळ्यांचा सामाईक प्रश्न असेल, तर तो औद्योगिक विवाद म्हणून थेट समेट अधिकाऱ्यापुढे नेता येतो.

२१ दिवसांचे खरे मोल इथे आहे. मालकाने नोटीस नियमाप्रमाणे दिली आणि कामगार गप्प बसले, तर बाविसाव्या दिवशी बदल लागू होतो, संमती असो वा नसो. पण त्या मुदतीत विवाद उभा राहून समेटाची कार्यवाही सुरू झाली, तर ती चालू असेपर्यंत त्या विवादाशी संबंधित सेवाशर्ती कामगारांचे नुकसान होईल अशा रीतीने परवानगीशिवाय बदलता येत नाहीत. नव्या संहितेत ही कार्यवाही समेट अधिकाऱ्याच्या पहिल्या बैठकीपासून सुरू झाली असे धरतात. म्हणून नुसता अर्ज टाकून थांबू नये, बैठकीची तारीख लागेपर्यंत पाठपुरावा करावा.

संमती खरोखर कुठे लागते?

महिलांच्या रात्रपाळीला. व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेनुसार संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी महिलेला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते, आणि सुरक्षिततेच्या अटी पाळाव्या लागतात. दुकाने, कार्यालये यांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी ७ या वेळेसाठी अशीच अट आहे. म्हणजे वरच्या कारखान्यात २१ दिवसांची नोटीस चोख दिली तरी तिथल्या महिला कामगारांना त्या नोटिशीच्या जोरावर रात्रपाळी लावता येणार नाही. फलकावर सामूहिक सूचना लावणे म्हणजे संमती नव्हे.

आणि ऑफिसातले?

कलम ४० फक्त ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे. हुद्दा काय लिहिला आहे यापेक्षा काम काय करतात हे पाहिले जाते. कारकुनी आणि तांत्रिक काम करणारे त्यात येतात. व्यवस्थापकीय काम करणारे, आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त वेतन असलेले पर्यवेक्षक येत नाहीत. ‘असिस्टंट मॅनेजर’ नाव मिळालेला, पण हाताखाली कोणी नसलेला आणि दिवसभर नोंदी भरणारा माणूस कामगार ठरू शकतो. जे खरोखर बाहेर आहेत, त्यांच्यासाठी नियुक्तिपत्र हाच आधार, आणि त्यात ‘कंपनी ठरवील त्या पाळीत काम करावे लागेल’ हे वाक्य सहसा सही करण्याच्या दिवशीच छापलेले असते.