सूत्रातील तारका आणि बदललेला कर



दिनांक ३ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५६ व्या बैठकीत दरांची फेररचना झाली आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. लोणावळ्याच्या बाजारपेठेतील दुकानांत त्याचा परिणाम एकसारखा झाला नाही. चिक्कीवर पूर्वीपासूनच ५ टक्के कर होता, तो तसाच राहिला. चॉकलेट १८ वरून ५ टक्क्यांवर आले, तर पाकीटबंद फरसाण १२ वरून ५ टक्क्यांवर. त्याच दुकानातून विकल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यांचा आणि पिशव्यांचा दर मात्र १८ टक्केच राहिला. अशा मिश्र मालाची दरपत्रके आपल्यापैकी बहुतेकांनी एक्सेलमध्ये ठेवली आहेत आणि कराचा आकडा त्यांतील सूत्रांत ठिकठिकाणी विखुरलेला आहे. तो 'शोधा आणि बदला' या सोयीने सुरक्षितपणे कसा बदलावा, याचा विचार या वेळच्या लेखात करू.

समजा, चॉकलेट फजच्या एका डब्याची करपूर्व किंमत २०० रुपये असून ती C5 या घरात आहे. कराच्या घरात पुढील सूत्र आहे:

```
=C5*18%
```

उत्तर ३६ रुपये येते आणि विक्रीची किंमत २३६ होते. नव्या दराने कर १० रुपये आणि किंमत २१० व्हायला हवी. मनात प्रथम येणारा मार्ग असा, की Ctrl+H दाबावे, वरच्या चौकटीत 18% व खालच्या चौकटीत 5% लिहावे आणि Replace All करावे. येथे पहिला धोका आहे. ज्या दरपत्रकात करासह किंमत थेट काढली असेल, तेथे सूत्र =C5*118% असे असते. संगणक त्यातील 18% एवढाच तुकडा उचलून त्या जागी 5% ठेवतो, अलीकडचा 1 मात्र तसाच राहतो आणि 118% चे 15% होते. २३६ रुपयांचा डबा पत्रकात ३० रुपयांना दिसू लागतो. एवढी मोठी चूक डोळ्यांत भरते, पण दीडशे ओळींच्या पत्रकातील एकूण बेरजेत ती सहज दडून बसते.

यावर उपाय म्हणून कोणी गुणाकाराच्या चिन्हासह *18% शोधतो. दुसरा आणि मोठा धोका हाच. सूत्रात तारका म्हणजे गुणाकार, पण शोधाच्या चौकटीत तारकेचा अर्थ 'येथे काहीही, कितीही अक्षरे' असा असतो. त्यामुळे *18% या शोधात सूत्राच्या आरंभीच्या बरोबरच्या चिन्हापासून 18% पर्यंतचा सारा मजकूर सापडतो. त्याच्या जागी *5% बसले, की घरात =C5 उरतच नाही; *5% एवढी अक्षरे उरतात. ते सूत्र नसून साधा मजकूर असतो आणि बेरजेचे सूत्र मजकुराला वगळून पुढे जाते. ओळखण्याची खूण सोपी आहे: अशी घरे आकड्यांप्रमाणे उजवीकडे न राहता डावीकडे सरकलेली दिसतात. ती दिसताच Ctrl+Z दाबावे.

तारका ही तारका म्हणूनच शोधायची असेल, तर तिच्याआधी ~ हे चिन्ह लिहावे. कळफलकावर ते Esc च्या खालच्या कळीवर, Shift सह मिळते. चौकटी अशा भराव्यात:

```
Find what:     ~*18%
Replace with:  *5%
```

खालच्या चौकटीत ~ लागत नाही, कारण तेथे तारकेला विशेष अर्थ नसतो. या शोधात =C5*118% सापडत नाही, कारण तेथे तारकेनंतर 118 आहे. अशा सूत्रांसाठी ~*118% च्या जागी *105% अशी स्वतंत्र फेरी करावी.

मात्र बदलण्यापूर्वी पत्रकात कर किती रूपांनी लिहिला आहे, ते पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी Ctrl+F दाबून Options उघडावे, Look in मध्ये Formulas निवडावे आणि पुढील शोध Find All ने करावा:

```
=*18*
```

येथे तारका मुद्दाम सुटी ठेवली आहे. 'बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारे आणि पुढे कोठेतरी 18 असलेले' प्रत्येक सूत्र यादीत येते. यादीच्या Formula या स्तंभात कोणी 0.18, कोणी 18/100, तर कोणी 1.18 ने भागलेले दिसेल. C18 या घराचा उल्लेखही त्यात येईल, तो सोडून द्यावा. केंद्र आणि राज्याचा कर वेगळा मांडला असेल, तर तेथे 9% असेल आणि त्याचे 2.5% करावे लागेल. प्रत्येक रूपासाठी एकेक फेरी करणे हाच निर्धोक मार्ग होय. Look in मध्ये Values राहिले, तर संगणक सूत्र न पाहता उत्तर पाहतो. तेव्हा ३६ रुपयांच्या घरात त्याला 18 सापडणारच नाही.

आता प्लास्टिकच्या डब्यांचा प्रश्न. त्यांचे सूत्रही =C40*18% असेच आहे, पण ते बदलायचे नाही. पुष्कळ दुकानदार मालाचे प्रकार रंगाने ओळखतात. समजा, चॉकलेटच्या ओळी पिवळ्या आहेत. Ctrl+H मध्ये Options उघडल्यावर Find what च्या उजवीकडे Format असते. त्यातील Fill या पानावर तोच पिवळा रंग निवडावा. मग ~*18% हा शोध केवळ पिवळ्या घरांपुरता चालतो. 'घरावरून स्वरूप उचला' अशीही सोय तेथे आहे. पण ती रंगाबरोबर अक्षराचा आकार, चौकटीच्या रेषा आणि आकड्याची मांडणीही उचलते. मग एखाद्या घरात रेषा निराळी असली, तरी ते निसटते. म्हणून फक्त रंग निवडणे बरे. नियमाने आपोआप येणारा रंग या शोधाला दिसत नाही, हेही ध्यानात असावे. काम झाल्यावर Clear Find Format करावे. ते विसरल्यास पुढच्या वेळी डोळ्यांसमोरचा शब्दही 'सापडत नाही' असे उत्तर मिळते.

Replace with च्या शेजारच्या Format मध्ये अक्षरांचा रंग निळा निवडावा. मग बदललेले प्रत्येक सूत्र निळे होते आणि त्यांची मोजणी Find All च्या आकड्याशी ताडून पाहता येते.

शेवटचा मुद्दा हिशेबाच्या मुळाशी जाणारा आहे. २२ सप्टेंबरपूर्वीच्या विक्रीवर जुनाच कर लागतो. विक्रीच्या वहीत सूत्रे असतील आणि एकच घर निवडलेले असताना Replace All केले, तर ते संपूर्ण पानावर चालते. जुनी बिले नव्या दराने मोजली जातात आणि भरलेल्या विवरणपत्राशी वही जुळेनाशी होते. म्हणून प्रथम २२ सप्टेंबरपासूनच्या ओळी निवडाव्यात. मग बदल तेवढ्यापुरताच होतो. Within मध्ये Workbook नसून Sheet आहे, हेही पाहून घ्यावे. फाइलची एक प्रत आधी वेगळ्या नावाने जतन करावी आणि कोणता माल कोणत्या दरात येतो, हे आपल्या कर सल्लागाराकडून निश्चित करून घ्यावे.

फेरी संपली, की एक फज, एक फरसाण आणि एक डबा यांचा कर कागदावर काढून पत्रकाशी ताडावा. २०० रुपयांच्या फजवर १० आणि २०० रुपयांच्या डब्यांवर ३६ आले, म्हणजे रंगाची चाळणी बरोबर चालली.