‘दुसरा पर्याय’ पाठ करून परवाना मिळत नाही

शिकाऊ वाहन परवान्याच्या चाचणीत किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. ती यावीत म्हणून अनेक उमेदवार ‘तिसऱ्याचे उत्तर ब, चौथ्याचे ड’ अशी यादी पाठ करतात. परंतु संगणक प्रत्येकासाठी पेढीतून वेगळे प्रश्न उचलतो आणि पर्यायांचा क्रमही बदलू शकतो. शेजारच्या पडद्याकडे पाहून किंवा बाहेर फुटलेल्या यादीवरून उत्तर देता येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

उलट्या त्रिकोणाची खूण घ्या. तिचे उत्तर ‘रस्ता द्या’. सरावात ते दुसरे असेल, तर चाचणीत चौथे येऊ शकते. संगणकाच्या लेखी उत्तर त्या मजकुराशी बांधलेले असते, जागेशी नव्हे.

समजा, १५ प्रश्न आहेत, प्रत्येकाला चार पर्याय आहेत आणि ९ बरोबर यायला हवेत. पर्याय पूर्ण ढवळलेले असताना जागा पाठ असलेल्याची सरासरी चारही उत्तरे बरोबर येत नाहीत. तो उत्तीर्ण होण्याची शक्यता हजारात सुमारे चार. निव्वळ अंदाजाने उत्तरे देणाऱ्याचीही तेवढीच.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. ‘वरील सर्व’ हा पर्याय शेवटीच ठेवावा लागतो, त्यामुळे त्याची जागा ओळखता येते. शिवाय, उत्तराचा मजकूरच घोकणाऱ्याला ढवळण्याने अडवता येत नाही. मात्र ‘उलटा त्रिकोण म्हणजे रस्ता द्या’ हे ज्याच्या लक्षात राहिले, त्याला चौकात ती खूण निदान ओळखू येईल. ‘दुसरा पर्याय’ लक्षात ठेवणाऱ्याला तीही येणार नाही.