नकाशावरचे दुकान

आमच्या मोहल्ल्यात मशिदीच्या मागच्या बोळात एका चाचांचे किराणा आणि सुक्या मेव्याचे दुकान आहे. ज्याला माहीत त्याला माहीत. मिरज हे दवाखान्यांचे गाव. बाहेरगावाहून आलेले पेशंटचे नातेवाईक आठ-पंधरा दिवस खोली घेऊन राहतात आणि चहापत्तीपासून खजुरापर्यंत सगळे फोनमध्ये शोधतात. त्यांच्यातला एकही चाचांकडे येत नव्हता. गेल्या शाबानमध्ये चाचांची मुलगी, जी आमची जुनी विद्यार्थिनी, फोन घेऊन आली आणि म्हणाली, "सर, आमचं दुकान गुगल मॅपवर आहे, पण आम्ही टाकलेलं नाही."

हे पुष्कळांच्या बाबतीत होते. गुगल मॅपवर कोणीही एखाद्या जागेची नोंद सुचवू शकतो. चाचांच्या दुकानाची नोंद कोणा अनोळखी माणसाने केली होती. नाव नुसतेच 'किराणा', फोन नंबर बंद पडलेल्या सिमचा, वेळ सकाळी 9 ते रात्री 9, आणि ठिकाणाची खूण, म्हणजे पिन, मुख्य रस्त्यावरच्या बंद गोडाऊनवर. फोनच्या भरवशावर येणारा माणूस कुलूप बघून परत जाणार हे उघड आहे.

अशा वेळी नवी नोंद करू नये. एकाच दुकानाच्या दोन नोंदी झाल्या की गिऱ्हाईक गोंधळते आणि गुगलही त्यातली एक काढून टाकू शकते. आहे तीच नोंद उघडून खाली Claim this business असे दिसते, त्यावर बोट ठेवायचे. आधीच कोणी ती आपल्या नावावर घेतली असेल, तर तिथूनच त्याच्याकडे मागणी पाठवता येते. हे सगळे फुकट आहे.

पुढची पायरी पडताळणीची. हल्ली बहुतेक दुकानांना व्हिडिओ मागतात. तो त्याच वेळी, एका दमात काढायचा असतो, आधी काढून ठेवलेला चालत नाही. त्यात तीन गोष्टी दिसायला हव्यात: दुकान कुठे आहे, दुकान खरे आहे आणि ते तुम्हीच चालवता. मुलीने बोळाच्या तोंडापासून सुरुवात केली, मशिदीची कमान आणि शेजारची गिरणी दाखवली, मग दुकानाची पाटी. चाचांनी किल्लीने शटर उघडले, गल्ल्यामागे गेले आणि गुमास्ता परवाना कॅमेऱ्यासमोर धरला. कोणाचा चेहरा दाखवावा लागत नाही. आधार कार्ड किंवा बँकेचे कागद तर मुळीच दाखवू नयेत. काही दिवसांत मंजुरी आली.

या काळात एक फोन येतो, तो ओळखून ठेवा. "गुगलमधून बोलतोय, तुमची नोंद बंद होणार आहे, एवढे पैसे भरा" किंवा "आलेला कोड सांगा." नोंद ठेवण्यासाठी गुगल पैसे मागत नाही, आणि कोड सांगितला तर दुकानाची नोंद दुसऱ्याच्या हातात जाते. फोन ठेवून द्यावा.

नावाबद्दल चाचांचा आग्रह होता की 'मिरजेतील सर्वोत्तम हलाल खजूर मेवा घरपोच' असे सगळे लिहावे. आम्ही नको म्हटले. पाटीवर जे नाव आहे तेच लिहायचे, हा गुगलचा नियम आहे. जास्तीचे शब्द घुसडल्यावर नोंद निलंबित होऊ शकते. काय विकतो ते सांगायला वर्गवारी आहे. मुख्य वर्ग एकच निवडता येतो, तो नेमका हवा: किराणा हा मुख्य आणि सुका मेवा जोडवर्ग. खजूर, शेवया, बेसन यांचे फोटो भावासह वेगळे टाकता येतात.

वेळेचे काम आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि नेमके तेच लोक सोडून देतात. दुकान रोज 7 ते रात्री 10:30. पण शुक्रवारी जुम्यासाठी दुपारी 12:45 ते 2:15 बंद. Hours मध्ये शुक्रवारसमोर दोन तुकडे करता येतात: 7 ते 12:45 आणि 2:15 ते 10:30. रमजानची वेळ तर वेगळीच. मगरिबला दुकान बंद, नंतर तरावीह संपल्यावर गर्दी आणि रात्री 1 पर्यंत उघडे. त्यासाठी Special hours मध्ये तारखा घालून वेळ द्यायची. रात्री 1 ची वेळ आदल्या दिवसाच्याच ओळीत लिहायची, दुसऱ्या दिवशीच्या नव्हे. ईदची तारीख चंद्र दिसल्यावरच पक्की होते, म्हणून ईदची सुट्टी 29 व्या रोज्याच्या रात्री घालायची. चुकीची वेळ असली की नुकसान दुहेरी होते. फोनवर 'बंद' वाचून गिऱ्हाईक येतच नाही, किंवा 'उघडे' वाचून येते, शटर बंद बघते आणि एक तारा देऊन जाते.

ताऱ्यांचा विषय निघालाच आहे. साखरेची पुडी देऊन चांगला अभिप्राय लिहून घेणे गुगलच्या नियमात बसत नाही, आणि आमच्या मते सचोटीतही बसत नाही. घरच्या दहा जणांनी एकाच दिवशी लिहिणेही तसलेच. नेहमीच्या गिऱ्हाइकाला नुसते सांगावे की काय घेतलेत आणि कसे निघाले, ते लिहा. एकाने 'खजुरात अळी निघाली' असे लिहिले होते. चाचा भडकले. मुलीने खाली उत्तर दिले की पुडा घेऊन या, बदलून देतो. तो माणूस आला, आणि ते उत्तर आजही नवे गिऱ्हाईक वाचते.

आता घरपोच. चाचा म्हणाले, सांगलीपर्यंत देऊ. आम्ही कागद घेतला. 300 रुपयांच्या किराण्यात चाचांच्या हिशेबाने 30 रुपये सुटतात. दोन किलोमीटर जाऊन येणे म्हणजे चार किलोमीटर, साधारण 10 रुपयांचे पेट्रोल. पोऱ्याचा अर्धा तास 20 रुपयांचा. उरले शून्य. म्हणून एकेक ऑर्डर पळवायची नाही असे ठरले. असरनंतर एक फेरी आणि इशानंतर एक, प्रत्येकीत चार-पाच घरे, हद्द दीड किलोमीटर, तीनशेच्या खाली नाही. हे सगळे व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगवर आणि आपोआप जाणाऱ्या निरोपात लिहून टाकले. नोंदीतला फोन नंबर तोच ठेवला. नोंदीत Service area लिहिता येते, पण लांबचा भाग लिहिला म्हणून लांबच्या माणसाला दुकान वर दिसत नाही. शोधणारा किती जवळ आहे, त्याने काय शोधले आणि दुकान किती ओळखीचे आहे, यावर क्रम ठरतो. जवळच्यालाच दिसायचे आहे, तर जवळच्यालाच चांगले द्यावे.

घरून शिवणकाम किंवा डबे करणाऱ्या आपल्या बहिणींसाठी हेच Service area उपयोगाचे आहे. त्यात घराचा पत्ता लपवता येतो, फक्त मोहल्ल्याचे किंवा भागाचे नाव दिसते. फोनसाठी मात्र वेगळे सिम घ्यावे.

एक काम महिन्यातून दोनदा करावे लागते. Suggest an edit वापरून कोणीही तुमची वेळ किंवा नंबर बदलायला सुचवू शकतो, आणि कधी कधी तो बदल लागूही होतो. म्हणून नोंद उघडून बघत राहायचे. मुलगी पहिल्या आणि तिसऱ्या जुम्याला बघते. गेल्या महिन्यात कोणी तरी दुकान 'कायमचे बंद' असे सुचवले होते, ते तिने त्याच दिवशी फेटाळले.