सोडतीचे बीज कुणाच्या हाती?

खांदा कॉलनी हा सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेलचा भाग. इथे ‘सोडत’ शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पूर्वी चिठ्ठ्या उचलत, आता निवड संगणक करतो. पण संगणकाला चिठ्ठी उचलता येत नाही. तो फक्त हिशेब करतो.

त्यासाठी त्याला सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागतो. त्याला बीज म्हणतात. समजा नियम असा आहे: आकड्याला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या. बीज ७ असेल तर ३८ ची बाकी ६. सहावरून १, मग ८, मग ११. क्रम विस्कळीत वाटतो, पण पुन्हा ७ दिले की पुन्हा तेच आकडे, त्याच क्रमाने. खरे नियम बरेच गुंतागुंतीचे असतात, तत्त्व हेच.

म्हणजे बीज आधी कळले तर निकालही आधी कळतो. अमेरिकेत ‘हॉट लोट्टो’ चालवणाऱ्या संघटनेचा सुरक्षाप्रमुख एडी टिप्टन याने आज्ञावलीत अशी मेख मारली होती, की वर्षातल्या ठरावीक दिवशी निघणारे आकडे ताडता येत. २०१० च्या सोडतीचे हे प्रकरण; शिक्षा झाली २०१७ मध्ये.

गंमत अशी, की फसवणूक पकडायलाही हाच गुण कामी येतो. अर्जदारांची यादी अनुक्रमांकांसह आधी जाहीर करून गोठवावी. त्यानंतरच सर्वांसमोर, दहा-बारा फासे टाकून का होईना, बीज ठरवावे आणि ते नियमासह प्रसिद्ध करावे. मग घर न लागलेला अर्जदारही तीच सोडत स्वतः काढून निकाल पडताळू शकेल. हा क्रम मात्र उलटता कामा नये. बीज आधी ठरले आणि यादी नंतर लागली, तर हवे ते नाव विजेत्या क्रमांकावर बसवता येते.